गेजवर कोरलेलं उत्तर

पहाटे चार वाजता आई माझ्या पायाला हात लावायची. हाक मारायची नाही. हाक मारली तर खोलीतली बाकीची पाच माणसं उठली असती. मी उठायचो, पातेल्यातलं पाणी तोंडावर मारायचो, रात्रीची भाकरी फडक्यात बांधून घ्यायचो आणि वासिंद स्टेशनकडे चालू लागायचो. कसाऱ्याकडून येणारी गाडी पाचच्या सुमारास यायची. ती चुकली तर पुढची मिळायची, पण मग कारखान्याचं गेट मिळायचं नाही.

ही गोष्ट १९८६-८७ सालची. आयटीआयमध्ये फिटरची दोन वर्षं संपवून मी एका मोठ्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागलो होतो. कारखाना ठाण्याच्याही पुढे, मुंबईच्या बाजूला. मुदत एक वर्षाची. वर्ष संपलं की ऑल इंडिया ट्रेड टेस्ट. ती पास झालो तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तरच रेल्वेत, बीईएसटीत, गोदीत फिटरच्या जागेला अर्ज करता येणार. नाही तर बाप जे करत होता तेच. बाप रेल्वेच्या गँगमध्ये होता. माझी मोठी बहीण सातवीला शाळेतून काढली, कारण दोघांची फी झेपत नव्हती. तिच्या शाळेवर माझं आयटीआय झालं होतं. हे घरात कुणी बोलायचं नाही. पण मी नापास झालो असतो तर एकटा झालो नसतो.

आता दिवसाचा हिशेब सांगतो. चारला उठणं. पाच ते पावणेसात गाडी. साडेसात ते चार काम. परतीची गाडी पकडून घरी पोचायला सात वाजायचे. अंघोळ, जेवण, आठ. मग मी कंदील घेऊन दाराजवळ बसायचो. ट्रेड थिअरीचं पुस्तक मांडीवर घ्यायचो आणि लाल पेन्सिलीनं ओळी मारत वाचायचो. साडेआठला अक्षरं हलायला लागायची. नऊला डोकं कंदिलावर आपटायचं. आई म्हणायची, "निज बाबा. काच फोडशील." मी म्हणायचो, "एवढं पान होऊ दे." पान व्हायचं. असं जानेवारीपर्यंत सगळं पुस्तक दोनदा झालं. सगळी पानं लाल झाली. मला वाटलं, आपली तयारी झाली.

फेब्रुवारीत थिअरीच्या तासाला सरांनी न सांगता पन्नास मार्कांची चाचणी घेतली. मला चौदा पडले.

त्यातला एक प्रश्न मला अजून पाठ आहे. पंचवीस मिलिमीटरच्या भोकात शाफ्ट बसवायचा आहे, फिट एच ७ - जी ६. भोकाची मापं २५.००० ते २५.०२१. शाफ्टची मापं २४.९८० ते २४.९९३. जास्तीत जास्त आणि कमीत कमी क्लिअरन्स काढा. मापं प्रश्नातच दिलेली. नुसती वजाबाकी. आणि क्लिअरन्सची व्याख्या मला तोंडपाठ होती, लाल पेन्सिलीसकट. तरी मी काय केलं? मोठ्यातून मोठं वजा केलं आणि लहानातून लहान. उत्तर लिहिलं ०.०२८ आणि ०.०२०. दोन्ही चूक.

सरांनी कागद परत दिला तेव्हा एकच वाक्य बोलले. "तू वाचलंयस. केलं नाहीस." मला राग आला. रोज आठ तास लोखंडाशी झुंजतोय आणि हा माणूस म्हणतो केलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काय होतं ते ऐका. आमच्या बाकावर तेव्हा बुश यायचे. भोकात रीमर फिरवायचा, भोक साफ करायचं आणि प्लग गेज घालून बघायचं. प्लग गेज म्हणजे मधे मूठ आणि दोन टोकांना दोन दंडगोल. एक टोक गो, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं टोक नो-गो, आखूड, लाल पट्ट्याचं. ते आत जाता कामा नये. गो गेलं, नो-गो अडलं, की बुश चांगला. हे मी दोन महिने करत होतो. दिवसाला शंभर-दीडशे वेळा. त्या दिवशी प्रथमच मूठ उजेडाकडे धरून वाचली. तिच्यावर कोरलं होतं, २५ एच ७. गोच्या बाजूला शून्य. नो-गोच्या बाजूला अधिक ०.०२१.

मी तसाच उभा राहिलो. चाचणीतला प्रश्न दोन महिने माझ्या तळहातात होता. रात्री कंदिलाखाली मी तोच शोधत होतो आणि दिवसा तोच घासून पुसून पेटीत ठेवत होतो.

शेजारच्या वाइसवर एक जुने फिटर होते. त्यांना सगळे मामा म्हणत. सही मराठीत करायचे, पण मायक्रोमीटर बघायचे तो डोळा वेगळा. मी त्यांना विचारलं, "मामा, भोक जास्तीत जास्त ढिलं कधी?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "भोक सगळ्यांत मोठं नि शाफ्ट सगळ्यांत बारीक. अजून काय?" झालं. २५.०२१ मधून २४.९८० गेले, उरले ०.०४१. आणि कमीत कमी ढिलं कधी? भोक सगळ्यांत लहान, शाफ्ट सगळ्यांत जाड. २५.००० मधून २४.९९३ गेले, उरले ०.००७. दोन्ही उत्तरं शून्याच्या वर, म्हणजे शाफ्ट नेहमीच सैल फिरणार. मामांनी कधी व्याख्या वाचली नव्हती. मी कधी शाफ्ट डोळ्यांपुढे आणला नव्हता. दोघांकडे अर्धं अर्धं होतं.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी रात्रीचं वाचन बंद केलं. ऐकायला उलटं वाटेल. पण थकलेल्या डोळ्यांनी तेच पान तिसऱ्यांदा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं आपण धरून चालतो. रस्त्यात भेटलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसं. परीक्षेत नाव विचारतात. आपलं काय येत नाही हे कळायचा एकच मार्ग आहे. पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर काढून बघायचं. लाल पेन्सील हे कधीच सांगत नाही.

मग अभ्यास केला कधी? तीन जागी केला. प्रत्येक जागेला तिथंच होईल असं काम दिलं.

पहिली जागा बाक. रोज एका कामातून एक प्रश्न काढायचा. टॅप मारायला घेतला तर आधी ड्रिल कोणतं? दहाच्या मेट्रिक आट्याचा पिच दीड, दहातून दीड गेले, साडेआठचं ड्रिल. व्हर्निअर हातात आलं तर त्याचा लीस्ट काउंट कसा निघाला? मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले, म्हणून एक भाग ०.९८, एकातून तो गेला की ०.०२. जेवणाच्या सुट्टीत हे सगळं एका ओळीत लिहायचं. वही नव्हती. जुन्या जॉब कार्डाची पाठकोरी बाजू होती. दिवसाला तीन प्रश्न, जास्त नाही. उत्तर कार्डावर लिहायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा. हे महत्त्वाचं. उत्तर लिहिलं की डोळा आधी तिकडंच जातो.

दुसरी जागा सकाळची गाडी. तिच्यात बसायला जागा असो नसो, लिहिता येत नाही. पुस्तक उघडलं की शेजारच्याचं कोपर बसतं. पण तोंड मोकळं असतं. खर्डीहून एक दोस्त यायचा, तो टर्नरचा ॲप्रेंटिस. मी कार्ड त्याला द्यायचो, त्याचं मी घ्यायचो. कल्याण येईपर्यंत तो मला विचारायचा, कल्याणनंतर मी त्याला. कालचे तीन प्रश्न, चार दिवसांपूर्वीचे तीन आणि दहा-बारा दिवसांपूर्वीचे तीन. जो प्रश्न अडला त्याच्यावर नखानं खूण. तो उद्या परत. जो तीनदा बरोबर आला त्याचं कार्ड घरी पत्र्याच्या डब्यात. डब्यातली कार्डं महिन्यातून एकदाच काढायची. गाडीतली माणसं आधी हसायची. एकदा एका म्हाताऱ्या भाजीवालीनं विचारलं, "काय रं, देवाचं नाव घेता का?" दोस्त म्हणाला, "नाय आजी, मशिनीचं घेतो."

एच ७ - जी ६ चं कार्ड पहिल्या दिवशी बरोबर आलं. पाचव्या दिवशी मी पुन्हा मोठ्यातून मोठं वजा केलं. म्हणजे समजलं होतं तरी सवय जुनी होती. बाराव्या दिवशी दोस्तानं आकडा बदलला. म्हणाला, शाफ्ट पी ६ आहे, मापं २५.०२२ ते २५.०३५. आता सांग ढिलं किती? मी वजाबाकी केली आणि घाबरलो, कारण उत्तर उणे आलं. कल्याण गेल्यावर डोक्यात उजेड पडला. सगळ्यांत बारीक शाफ्टसुद्धा सगळ्यांत मोठ्या भोकापेक्षा ०.००१ नं जाड आहे. म्हणजे हा शाफ्ट हातानं जाणारच नाही, प्रेसखाली दाबून बसवावा लागेल. बुश हाउसिंगमध्ये आम्ही दाबून बसवत होतो ते याच जातीचं. त्यानंतर तो प्रश्न मला कधी चुकला नाही. आकडा बदलल्यावर येतं ते खरं आलेलं.

संध्याकाळच्या गाडीत मी काहीच केलं नाही. उभ्यानं झोपलो. सुरुवातीला त्याचीही लाज वाटायची. मग हिशेब केला. संध्याकाळचा एक तास ओढून काढला की सकाळचा तास वाया जायचा. कारण सकाळी डोकं भरलेलं यायचं. रात्री नऊला निजलो की सात तास मिळायचे, आणि सकाळच्या गाडीत सव्वा तास खरा अभ्यास व्हायचा. कंदिलाखालच्या दीड तासापेक्षा तो जड होता.

तिसरी जागा रविवार. ड्रॉइंग गाडीत होत नाही, तोंडानं होत नाही, बाकावरही होत नाही. त्याला सपाट फळी पाहिजे, टी-स्क्वेअर पाहिजे आणि सलग दोन तास पाहिजेत. आमच्या खोलीत एवढी सपाट जागा म्हणजे जमीन, आणि जमिनीवर धाकटी भावंडं. मग बुद्धविहारातला कॅरम बोर्ड उलटा केला. त्याच्या पाठीवर ड्रॉइंग शीट चिकटवायचा. रविवारी सकाळी नऊपर्यंत वंदना, अकरानंतर पोरांची बैठक. मधले दोन तास माझे. फर्स्ट अँगलमध्ये समोरचं दृश्य वर, वरचं दृश्य त्याच्या खाली, आणि डावीकडून बघितलेलं उजवीकडे. हे मी बाकावर खोडून टाकलेल्या जॉबवरून काढायचो, पुस्तकातल्या चित्रावरून नाही. जॉब हातात फिरवता येतो, चित्र फिरवता येत नाही. कधी बैठक लांबली, कधी मोर्चा असला, तर तो रविवार गेला. तो भरून काढायला दुसरी जागा नव्हती. शेवटी माझं सगळ्यांत कच्चं ड्रॉइंगच राहिलं. ही या पद्धतीची हद्द. जे हातानं आणि टेबलावरच होतं ते गाडीत ढकलता येत नाही.

आता जे सांगायला जड जातं ते सांगतो. ही सगळी पद्धत उभी होती एका गोष्टीवर. दिवसाचं काम खरं काम असलं पाहिजे.

पहिले चार महिने मला बाकावर उभंच केलं नव्हतं. आल्या दिवशी चार्जमननं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. गावातलं कुठलं घर, तेही विचारलं. त्यानंतर माझ्या हातात झाडू आला. मशीनखालचा किस गोळा करायचा, ट्रे धुवायचे, कॉटन वेस्ट आणायचं. बरोबरीची दोन पोरं साइन बार आणि स्लिप गेज हाताळत होती. टूल रूमच्या खिडकीत मी पितळेचं टोकन ठेवलं की आतून विचारायचे, "तुला कशाला?" तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. म्हणावं लागतच नव्हतं. आणि महिन्याच्या शेवटी माझ्या प्रगतीच्या नोंदवहीत लिहिलेलं असायचं, साइन बारवर कोन मोजणे, पूर्ण. खाली सही.

ही चोरी कुणाला दिसत नाही. किस गोळा करून पोट भरतं, स्टायपेंडही येतो. पण त्या कामातून परीक्षेचा प्रश्न निघत नाही. दोनशेच्या साइन बारखाली शंभरचं स्लिप गेज ठेवलं की तीस अंशांचा कोन होतो, कारण तीसचा साइन अर्धा. हे ज्यानं एकदा हातानं रचलं त्याला पाठ करावं लागत नाही. ज्याच्या हातात झाडू होता त्याला रात्री कंदिलाखाली बसावं लागतं. वर तोच थकतो, तोच नापास होतो, आणि मग म्हणतात, यांना डोकंच नसतं.

वर थिअरीचा तास. आठवड्यात दोनदा असायचा. काम जास्त असलं की तो बुडवायचे आणि म्हणायचे, सुट्टीनंतर थांबून करा. थांबलं की माझी गाडी जायची.

विहाराच्या बैठकीत एक युनियनवाले भाऊ यायचे. त्यांनी ॲप्रेंटिस ॲक्ट, १९६१, काढून दाखवला. कलम १० मध्ये लिहिलं होतं की थिअरीच्या तासाला घालवलेला वेळ हा पगारी कामाचाच भाग धरायचा. कलम १५ मध्ये होतं की ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ॲप्रेंटिसकडून ओव्हरटाइम घेता येत नाही. कलम १९ मध्ये होतं की प्रगतीची नोंद ठेवणं मालकाचं काम. आणि कलम १८ मध्ये हेही होतं की ॲप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. भाऊ म्हणाले, "कामगार नाही म्हणून संप करता येणार नाही. पण शिकाऊ आहेस म्हणून शिकव, असं लिहून मागता येतं." ही कलमं आजही कायद्यात आहेत. २०१४ च्या दुरुस्तीनं रोजचे तास ठरवायचं मालकाच्या हातात गेलं, पण ओव्हरटाइमची ती अट राहिली.

आम्ही नऊ जणांनी अर्ज केला. त्यात तक्रार हा शब्द घातला नाही. एका बाजूला अभ्यासक्रमातली कामं लिहिली, दुसऱ्या बाजूला प्रत्येकानं ते काम किती दिवस केलं ते लिहिलं. माझ्यापुढे साइन बारला शून्य होतं, सरफेस ग्राइंडिंगला शून्य होतं. खाली तारीख. एक प्रत ट्रेनिंग ऑफिसरला, एक आमच्याकडे पोच घेऊन. त्यात नऊपैकी पाच आमच्या वस्तीतले नव्हते. त्यांचाही तास बुडत होता. शून्याचे रकाने त्यांना दाखवले तेव्हा ते गप्प झाले आणि सही केली. आठवड्यात तास वेळेत व्हायला लागला. मी डिसेंबरात बाकावर आलो. साइन बार मात्र मार्चमध्ये मिळाला, तोही तीन दिवस. त्या तीन दिवसांची माझी सतरा कार्डं झाली.

टेस्टच्या प्रॅक्टिकलला चौकोनी तुकडा चौकोनी खाचेत बसवायचा जॉब आला. चारी बाजूंनी फिरवून बसला पाहिजे. मी कानस लावायच्या आधी कागदावर दोन वजाबाक्या केल्या. मोठ्यात मोठी खाच, बारकात बारका तुकडा. मगच लोखंडाला हात लावला. थिअरीत एच ७ आलाच नाही. एच ८ आला. आकडे वेगळे, प्रश्न तोच. ड्रॉइंगमध्ये काठावर सुटलो. पण सुटलो.

निकाल बघून घरी आलो तेव्हा बहीण माहेरी आली होती. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "यात माझं नाव कुठंय?" ती थट्टेनं म्हणाली. मला हसता आलं नाही.

आता ही परीक्षा संगणकावर असते. प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. ओळखीचं वाटणं आणि येणं यांतला सापळा तिथं जास्तच खोल आहे, कारण चूक उत्तरंही ओळखीची असतात. ०.०४१ च्या शेजारी ०.०२८ ठेवलेलाच असतो. म्हणून उत्तरं हातानं झाकायची, कागदावर आपलं काढायचं, मग हात उचलायचा.

वस्तीतली पोरं ॲप्रेंटिस लागली की माझ्याकडे येतात, पुस्तक मागतात. मी पुस्तक देतो. पण आधी विचारतो, आज दिवसभर तुझ्या हातात काय होतं? गेज म्हणाला तर म्हणतो, मूठ वाचून ये. झाडू म्हणाला, तर कोरा कागद पुढे ओढतो आणि दोन रकाने आखायला लावतो.